पगार जास्त की बोनस जास्त? दोन नोकरीपत्रांचा हिशेब

(बंगळुरूतील मराठी खातेदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ठेवीचा नाही, कर्जाचाही नाही. तरी गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे. मुलाला किंवा मुलीला दोन कंपन्यांकडून पत्रं आलेली असतात. एकीत पगार जास्त, दुसरीत पगार कमी पण बोनसची टक्केवारी मोठी. पगार खातं आमच्याकडे असतं, म्हणून माणसं आम्हालाच विचारतात. बंगळुरूत नोकरी बदलणं ही काही मोठी घटना राहिलेली नाही, पण घरात तिसऱ्या दिवसापर्यंत त्यावरून वाद चालू असतो.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. आपल्याकडे बोनस म्हटलं की दिवाळीचा बोनस डोळ्यांसमोर येतो. तो कायद्याचा बोनस. १९६५ च्या बोनस कायद्याने तो ठरवला, किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. तो ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पगार असणाऱ्या कामगारांसाठी असतो आणि त्यात कामगाराचा हक्क असतो. नोकरीपत्रात जो ‘परफॉर्मन्स बोनस’ किंवा ‘व्हेरिएबल पे’ लिहिलेला असतो तो वेगळा. तो कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर चालतो. मी आज बोलणार आहे ते या दुसऱ्याबद्दल.

एक उदाहरण घेऊ. आमच्या एक खातेदार आहेत, बेळगावच्या घरातली मुलगी, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं काढलेली. वडील निवृत्त आहेत, आता तिच्याकडेच राहतात. दोघं एकदम आले. आकडे मी थोडे गोल केले आहेत, आणि कंपन्यांची नावं सांगत नाही.

पहिली कंपनी: ठरलेला पगार वर्षाला ९,६०,०००, बोनस ५ टक्के. दुसरी कंपनी: ठरलेला पगार वर्षाला ८,४०,०००, बोनस २५ टक्के.

वडिलांनी घरूनच बेरीज करून आणली होती. पहिलीकडे बोनस ४८,०००, एकूण १०,०८,०००. दुसरीकडे बोनस २,१०,०००, एकूण १०,५०,०००. ते म्हणाले, “मॅडम, दुसरी बेचाळीस हजारांनी जास्त देते की. मग ही कशाला अडून बसली आहे?”

बेरीज बरोबर होती. पण मी त्यांना बेरजेच्या आधीचा प्रश्न विचारला: पंचवीस टक्के, पण कशाचे?

हा प्रश्न फार लोक विचारत नाहीत, आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. टक्केवारी तीन वेगवेगळ्या रकमांवर असू शकते. एक म्हणजे पूर्ण ठरलेला पगार, जसा वडिलांनी धरला होता. दुसरी म्हणजे फक्त मूळ वेतन, ज्याला पगारपत्रकात ‘बेसिक’ म्हणतात. ते बहुतेक वेळा ठरलेल्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास असतं. दुसऱ्या कंपनीने बेसिकच्या २५ टक्के म्हटलं असतं, तर बेसिक ४,२०,००० आणि बोनस १,०५,०००. म्हणजे एकूण ९,४५,०००. बोनस पूर्णच्या पूर्ण मिळाला तरी पहिली कंपनी ६३,००० रुपयांनी पुढे. मग पुढचा हिशेब करायची गरजच उरत नाही.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी. फोनवर मनुष्यबळ विभागाचा माणूस सांगतो, “पॅकेज साडेदहा लाख, त्यात वीस टक्के व्हेरिएबल.” इथे ‘त्यात’ हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे वीस टक्के वर मिळणार नाहीत, ते साडेदहा लाखांच्या पोटात आहेत. ठरलेला पगार ८,४०,००० आणि उरलेले २,१०,००० बोनस. गंमत बघा, ही तीच दुसरी कंपनी झाली! ठरलेल्या पगारावर २५ टक्के आणि एकूण पॅकेजच्या २० टक्के, रक्कम एकच. म्हणून टक्के ऐकून तुलना करूच नका. दोन्ही पत्रांमधून आधी रुपयांतले दोन आकडे काढा: बोनस शून्य धरला तर वर्षाला किती, आणि बोनस पूर्ण मिळाला तर किती.

या मुलीने मेल पाठवून विचारून घेतलं. उत्तर आलं की टक्केवारी पूर्ण ठरलेल्या पगारावरच आहे. ठीक. म्हणजे वडिलांची बेरीज टिकली.

आता दुसरा प्रश्न. बोनस पूर्ण मिळेल का?

पत्रात लिहिलेला बोनस हा ‘टार्गेट’ असतो. हातात येणारी रक्कम दोन गुणकांनी ठरते: कंपनीचं वर्ष कसं गेलं आणि तुमचं काम कसं ठरवलं गेलं. समजा कंपनीचा गुणक ८५ टक्के निघाला आणि तुमचा ९० टक्के. दोन्ही आकडे ऐकायला बरे वाटतात. पण ते एकमेकांना गुणले जातात, म्हणजे साडेशहात्तर टक्के. २,१०,००० चे झाले सुमारे १,६०,०००.

हे काही काल्पनिक नाही. याच शहरातलं उदाहरण आहे आणि वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. २०२२ च्या एप्रिल ते जून या तिमाहीसाठी इन्फोसिसने कर्मचाऱ्यांचा बदलता पगार सरासरी सुमारे ७० टक्क्यांवर आणला. विप्रोने त्याच तिमाहीत मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या लोकांचा तो रोखून धरला आणि खालच्या श्रेणीला ७० टक्के दिला. कंपन्या तोट्यात होत्या म्हणून हे झालं असं नाही. नफा होता, पण नफ्याचं प्रमाण खाली आलं होतं. २०२४ मध्ये टीसीएसने बदलता पगार ऑफिसातल्या हजेरीशी जोडला. ६० टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असेल तर त्या तिमाहीचा बदलता पगार नाही. म्हणजे तुमचं काम चांगलं असूनही, तुमच्या हातात नसलेल्या किंवा आधी न सांगितलेल्या कारणाने आकडा हलू शकतो.

मग तुलना कशी करायची? एक साधा भागाकार पुरतो. मी त्याला बरोबरीचा टक्का म्हणते. दुसऱ्या कंपनीने आपल्या बोनसचा किती भाग दिला म्हणजे ती पहिलीच्या बरोबरीला येईल, एवढंच काढायचं.

पहिलीचं एकूण १०,०८,०००. यातून दुसरीचा ठरलेला पगार ८,४०,००० वजा करा. उरले १,६८,०००. एवढी रक्कम दुसरीने बोनसमधून भरून काढायची आहे. तिचा पूर्ण बोनस २,१०,०००. १,६८,००० ला २,१०,००० ने भागलं की ८० टक्के.

म्हणजे प्रश्न असा झाला: दुसरी कंपनी दरवर्षी रुपयातले ८० पैसे तरी देते का? देत असेल तर ती बरी, नसेल तर पहिली. ७० टक्के दिले तर दुसरीचं एकूण ९,८७,०००, पहिलीपेक्षा २१,००० कमी. १२० टक्के दिले, काही कंपन्या चांगल्या वर्षी तसंही देतात, तर १०,९२,०००, म्हणजे ८४,००० जास्त. यात पहिलीचा छोटा बोनस मी पूर्ण मिळणार असं धरलं आहे. तिचाही कमी झाला तर बरोबरी थोडी खाली, साधारण ७४ टक्क्यांवर येते. पण मी मुद्दाम कडक बाजू धरते.

वडिलांचा चेहरा इथे जरा बदलला. बेचाळीस हजार जास्त मिळवायचे तर बोनस पूर्णच्या पूर्ण हवा, आणि ऐंशीच्या खाली गेला की तोटा सुरू. घरी केलेल्या बेरजेत हे दिसत नव्हतं.

आता तो ८० टक्के होतो की नाही हे कळणार कसं? थेट विचारायचं. प्रश्न असा विचारा: “माझ्या श्रेणीतल्या लोकांना मागच्या तीन वर्षांत टार्गेटच्या सरासरी किती टक्के बोनस मिळाला?” ‘माझ्या श्रेणीतल्या’ हे शब्द सोडू नका, कारण वरच्या श्रेणीचा आणि नव्या मुलांचा आकडा वेगळा असतो. तोंडी सांगितलं तर त्यांना आभाराचा मेल पाठवा आणि त्यात तो आकडा लिहा. चुकीचा असेल तर ते दुरुस्त करतील. आकडा सांगायला साफ नकार मिळाला, तर मी स्वतः ६० टक्क्यांच्या वर धरणार नाही. हा काही नियम नाही, माझा अंदाज आहे. तिथे काम करणारं ओळखीचं कोणी असेल तर त्याच्या बोनसच्या महिन्याची पगारपावती हा सर्वांत खरा पुरावा.

या मुलीला मिळालेलं उत्तर होतं: ९२, ७८ आणि ८५. सरासरी ८५. बरोबरीच्या जरा वर, पण तीनपैकी एका वर्षी खाली.

इथपर्यंत वर्षाचा हिशेब झाला. पण घर महिन्यावर चालतं.

दोन्हीकडे बेसिक निम्मं आणि भविष्य निर्वाह निधी बेसिकच्या १२ टक्के धरू. कंपनीचा वाटा पॅकेजमध्येच मोजलेला असतो. पहिलीकडे महिन्याला ८०,०००, त्यातून दोन्ही वाटे मिळून ९,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला, हातात ७०,२००. दुसरीकडे ७०,०००, त्यातून ८,४०० आणि २०० गेले, हातात ६१,४००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर प्राप्तिकर लागत नाही, म्हणून इथे कराचा प्रश्न आला नाही. ज्यांचं उत्पन्न त्याच्या वर आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बोनसला कराचा वेगळा दर नाही, तो पगारातच धरला जातो. फक्त ज्या महिन्यात तो येतो त्या महिन्यात कापणी मोठी दिसते आणि लोक घाबरून आमच्याकडे येतात.

तर महिन्याला फरक ८,८०० रुपयांचा. शिवाय निर्वाह निधीत पहिलीकडे महिन्याला १,२०० जास्त जमा होतात, कारण असा बोनस सहसा निधीसाठी मोजत नाहीत. काही कंपन्या निधी १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० कापतात. तिथे हा फरक राहत नाही, आणि हातात थोडे जास्त येतात.

८,८०० हा आकडा छोटा की मोठा, हे घराघरावर आहे. बंगळुरूत भाड्याचं घर घेताना आगाऊ रक्कम किती मागतात हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. दहा महिन्यांचं भाडं ही इथली जुनी रीत, आता घासाघीस करून काही ठिकाणी कमी होते. भाडं महिन्याला द्यायचं आणि बोनस जूनमध्ये यायचा, हे गणित ज्याच्या गाठी शिल्लक नाही त्याला जड जातं. मग तो क्रेडिट कार्डावर तीन टक्के महिन्याच्या आसपास व्याज भरत बोनसची वाट बघतो. असा माणूस बोनस पूर्ण मिळूनही तोट्यात जातो. मी हे पगार खात्यांच्या उताऱ्यांवर दर उन्हाळ्यात बघते.

गृहकर्जाचंही तसंच. इथे मी बँकेच्या बाजूने बोलते. कर्ज किती द्यायचं हे ठरवताना आम्ही आधी दर महिन्याला नेमाने येणारा पगार बघतो. बोनस धरायचा तर बहुतेक ठिकाणी मागच्या दोन वर्षांचे फॉर्म १६ लागतात, आणि तरी तो पूर्ण धरत नाहीत. बँकेबँकेचे नियम वेगळे असतात. समजा हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता चालतो. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. पहिल्या नोकरीवर सुमारे ४० लाख कर्ज बसतं, दुसरीवर ३५ लाख. कागदावर जास्त कमावणारी मुलगी बँकेत पाच लाखांनी मागे! येत्या वर्षा-दोन वर्षांत फ्लॅट घ्यायचा असेल तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही पहिली नोकरी घ्यावी.

आणखी एक कलम आहे, ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. बोनस वर्षाअखेर ठरतो, पण हातात येतो दोन-तीन महिन्यांनी. त्या तारखेला तुम्ही कंपनीच्या पटावर असायला हवं, आणि बऱ्याच ठिकाणी राजीनामा दिलेला नसायला हवा. वर्ष मार्चमध्ये संपलं, बोनस जूनमध्ये आहे, आणि एप्रिलमध्ये चांगली संधी आली म्हणून तुम्ही राजीनामा दिला. नव्वद दिवसांची नोटीस चालू असतानाच जून येतो आणि बोनस येत नाही. वर्षभर काम करूनही पहिल्या कंपनीत ४८,००० जातील, दुसऱ्या कंपनीत २,१०,०००. मोठा बोनस म्हणजे पायातली दोरी जरा लांब. जी माणसं दर दोन वर्षांनी नोकरी बदलतात त्यांनी हे कलम आधी वाचावं, टक्के नंतर.

नव्याने रुजू होणाऱ्याला पहिल्या वर्षी बोनस दिवसांच्या प्रमाणातच मिळतो. एक ऑक्टोबरला रुजू झालात तर निम्मा. काही कंपन्यांत एक जानेवारीनंतर आलेल्यांना त्या वर्षाचा काहीच नाही. तारीख विचारून घ्या.

आता एक समज दूर करते, कारण वडिलांनी तो लगेच मांडला. ते म्हणाले, “पगारवाढ ठरलेल्या पगारावर होते, म्हणजे जास्त पगारवाल्याची वाढही जास्त, दरवर्षी अंतर वाढतच जाणार.” हे अर्धंच खरं आहे. आठ टक्के वाढ झाली तर पहिलीचा पगार ७६,८०० ने वाढेल, दुसरीचा ६७,२०० ने. पण दुसरीचा बोनस त्याच पगाराचा २५ टक्के आहे, त्यामुळे तोही १६,८०० ने वाढेल. दोन्हीकडे सारख्याच टक्क्यांनी सगळं वाढतं आणि बरोबरीचा टक्का ८० च्या ८० राहतो. खरा फरक पडतो तो तिसऱ्या नोकरीला जाताना. पुढची कंपनी तुमच्या ठरलेल्या पगारावर वाढ देऊ बघते, आणि बोनसचा उल्लेख केला की “तो पक्का नसतो ना” असं म्हणते. जी गोष्ट स्वतःच्या पत्रात मोठ्या अक्षरांत लिहितात, तीच दुसऱ्याच्या पत्रात बघायला तयार नसतात.

मग या घरात काय ठरलं? फ्लॅटचा विचार दोन-तीन वर्षांनंतरचा होता. वडिलांची पेन्शन होती आणि मुलीच्या नावावर सहा महिन्यांच्या खर्चाएवढी ठेव होती. काम तिला दुसऱ्या कंपनीचं आवडलं होतं. मी तिला सांगितलं, बोनसचे टक्के वाढवून मागू नकोस. ते श्रेणीप्रमाणे ठरलेले असतात, सहसा हलत नाहीत. ठरलेला पगार मात्र हलतो, तिथे माग. सोबत पहिलीचं पत्र आहेच.

तिने मागितलं, आणि महिन्याला ३,००० वाढवून मिळाले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हिशेब परत मांडा. ठरलेला पगार ८,७६,०००, त्यावर २५ टक्के म्हणजे २,१९,०००. पहिलीच्या १०,०८,००० मधून ८,७६,००० गेले, उरले १,३२,०००. त्याला २,१९,००० ने भागलं की जेमतेम ६० टक्के. ऐंशीवरची बरोबरी साठवर आली. कंपनीच्या मागच्या तीन वर्षांत सर्वांत वाईट आकडा ७८ होता. तिने दुसरी घेतली.

जाताना वडिलांनी विचारलं, जूनमध्ये बोनस आला की त्याचं काय करायचं. मी म्हटलं, आधी येऊ दे, मग बघू. मुदत ठेवीचा फॉर्म मात्र त्यांनी त्याच दिवशी मागून घेतला.

कोणी पत्रं बरोबर आणली असतील तर पुढे या. नाव आणि कंपनी झाकून ठेवलीत तरी चालेल, मला चारच आकडे लागतात: दोन्हीकडचा ठरलेला पगार आणि दोन्हीकडचा पूर्ण बोनस, रुपयांत.